अकरा ठिकाणं, नऊ माणसं आणि बाबांचा गुडघा

प्रश्न : आम्ही नऊ जण कोल्हापूरला जायचं म्हणतोय. बाबा ७८ वर्षांचे, आई ७२ची, मावशी ६६ची. मी ४६ वर्षांची आणि माझा नवरा, ठाण्याहून भाऊ-वहिनी आणि शाळेतली दोन मुलं. आईबाबा आमच्याकडे डोंबिवलीत असतात. भावाने तीन दिवसांत अकरा ठिकाणांचा तक्ता बनवलाय : अंबाबाई, न्यू पॅलेस, कणेरी मठ, रंकाळा, जोतिबा, पन्हाळ्यावर तीन जागा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, बाहुबली. तासातासाचा हिशेब आहे आणि मॅपवर तो बरोबर बसतो. तरी मला धाकधूक वाटते. भाऊ म्हणतो, 'शेवटी मोकळा वेळ ठेवलाय की!' या तक्त्यात नेमकं काय चुकतंय?
– डोंबिवली पूर्वेच्या एक वाचक

उत्तर : तुमच्या भावाने किलोमीटर मोजले आहेत. मोजायला हव्यात चढउतारी.

हे मला आमच्याच घरच्या एका सहलीत कळलं. आठ जणांची टेम्पो ट्रॅव्हलर होती, त्यात तीन ज्येष्ठ. चहाला थांबलो तेव्हा मी सहज घड्याळ लावलं. 'चला, निघू या' असं कुणीतरी म्हणाल्यापासून गाडीचं चाक प्रत्यक्ष फिरेपर्यंत एकोणीस मिनिटं गेली. काकूंचा चष्मा टेबलावर राहिला होता, काका पुन्हा एकदा बाथरूमला गेले, एकाला पाणी हवं होतं, आणि गाडीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असल्याने प्रत्येकाला हात देऊन चढवावं लागलं. उतरतानाही तेच. मग मी दिवसभर मोजत राहिलो. अंतर दोन किलोमीटर असो की चाळीस, दर थांब्याला पंधरा-वीस मिनिटं ठरलेली. म्हणून 'ज्येष्ठ आहेत, मॅपचा वेळ दीडपट धरा' हा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मला पटत नाही. लांबच्या सरळ रस्त्यावर दीडपट धरून वेळ उगाच वाया जातो, आणि पन्हाळ्यावर पाच-पाच मिनिटांच्या तीन टप्प्यांत दीडपटही तोकडी पडते. मॅपचा वेळ आहे तसाच घ्या आणि प्रत्येक चढउतारीला पंधरा मिनिटं वेगळी लिहा. भावाच्या तक्त्यात हॉटेल, जेवण, देऊळ असं सगळं धरून दिवसाला सात-आठ चढउतारी होतात. म्हणजे पावणेदोन-दोन तास नुसतं दारात उभं राहण्यात जाणार, आणि ते त्याने कुठेच लिहिलेलं नाही.

तुमच्या घरचा आकडा पंधरा आहे की पंचवीस, हे जाण्याआधीच कळू शकतं. एखाद्या सकाळी तिघांना घेऊन टिटवाळ्याला जाऊन या. मंगळवार, चतुर्थी सोडून कुठलाही दिवस. डोंबिवलीहून लोकल, स्टेशनबाहेर रिक्षा, महागणपतीचं दर्शन, परत. घराचं कुलूप लावल्यापासून प्रत्येक टप्प्याची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आणखी एक पाहा : स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या बाबा एका दमात चढतात, की मध्ये कठड्याला धरून थांबतात? त्याचं कारण पुढे जोतिबापाशी येईल.

आता तक्ता. कोरा कागद घ्या आणि जे तुमच्या हातात नाही तेच आधी लिहा. इथे अशा खुंट्या चारच आहेत : जाण्याची गाडी, हॉटेलची खोली हातात येण्याची वेळ, खोली सोडण्याची वेळ आणि परतीची गाडी. बाकी सगळं हलवता येतं.

गाडी महालक्ष्मी एक्स्प्रेस घ्या, ती कल्याणला थांबते. कल्याणला रात्री नवाच्या पुढे येते आणि सकाळी साडेसातच्या आसपास कोल्हापूरला पोचते. परतीला कोल्हापूरहून रात्री पावणेनऊच्या सुमारास निघते आणि पहाटे सहाच्या आसपास कल्याण. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकिटावरची वेळ खरी धरा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती, ती अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. बुधवारी जाऊन शनिवारी परत निघायचं असेल तर परतीचं आरक्षण तीन दिवसांनी उघडेल, म्हणजे आठच्या ठोक्याला दोनदा बसावं लागेल. दुसरा दिवस हमखास विसरला जातो.

नऊ जणांचं एकच तिकीट निघत नाही, कारण एका तिकिटावर सहाच नावं बसतात. पण सहा आणि तीन अशी फोड करू नका. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा एक वेगळा कोटा असतो, साइटवर तो `LOWER BERTH/SR.CITIZEN` या नावाने दिसतो. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका त्यात बसतात, मात्र तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसं असली तर. सहा जणांच्या तिकिटात आईबाबांची नावं घातलीत की तो कोटा गेलाच, मग वय काहीही असो. म्हणून पहिलं तिकीट आई आणि बाबांचं. दुसरं मावशीचं आणि तुमचं. हो, तुम्ही ४६च्या आहात, या कोट्यात बसता! तिसरं उरलेल्या पाच जणांचं, साध्या कोट्यातून. तिन्ही एकाच वेळी, एकाच वर्गाची काढा. डबे वेगळे आले तर गाडीत चढल्यावर अदलाबदल करता येते, आणि खालचा बर्थ हातात असलेल्या माणसाशी अदलाबदल करायला कुणीही तयार होतं. कोट्यातल्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे दुपारी निवांत बसून काढू असं म्हणू नका. प्रवासाचा महिना पावसाळ्यातला नको, हेही आताच सांगतो. २७ जुलै २०१९ला याच महालक्ष्मीला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्याने वेढलं होतं आणि हजाराहून जास्त प्रवाशांना एनडीआरएफच्या बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. तरुणांना तो आयुष्यभर सांगायचा किस्सा झाला असेल. ७८ वर्षांच्या माणसाला नको.

या सबंध प्रवासातला सगळ्यांत अवघड तुकडा कोणता विचाराल तर डोंबिवली ते कल्याण. मधे एक ठाकुर्ली, लोकलने दहा मिनिटं. पण तुम्ही निघणार रात्री आठला, म्हणजे मुंबईहून परतणारी सगळी गर्दी त्याच गाड्यांत. त्या दारातून बॅगा आणि मावशी दोन्ही आत घेणं जमणार नाही. रस्त्याने पत्रीपुलावर आणि स्टेशनच्या तोंडाशी कोंडी असते, तरी मी रस्ताच धरेन. भावाला ठाण्याहून दुपारीच, चारच्या आत लोकलने डोंबिवलीला बोलवा. सातला सगळ्यांनी घरीच जेवून घ्या. नऊनंतर चढून डबा उघडायचा, दहाला कुणीतरी मधला बर्थ लावायला सांगणार, आणि आई मान वाकवून भाजी-पोळी खात बसणार, हे टाळता येतं. साडेसातला दोन गाड्या करा आणि सव्वाआठला फलाटावर. कल्याणला गाडी काही मिनिटंच थांबते. डबा कुठे लागणार ते इंडिकेटरवर पाहून ज्येष्ठांना आधीच तिथे बसवा, आणि कोण कुणाचा हात धरणार, कोण फक्त बॅगा चढवणार, हे गाडी येण्याआधी ठरवा.

दुसरी खुंटी हॉटेलची, आणि भावाचा पहिला दिवस इथेच मोडतो. गाडी पोचते साडेसातला, खोली मिळते बहुतेक ठिकाणी बाराला. त्याने मधल्या वेळात थेट अंबाबाईचं दर्शन लिहिलंय. रात्रभर गाडीत काढून, अंघोळ न करता आई देवळात पाऊल ठेवेल असं त्याला खरंच वाटतं का? आमच्या बाबतीत एका लॉजने फोनवर 'या हो, बघू काहीतरी' म्हटलं आणि आम्ही साडेअकरापर्यंत तिथल्या सोफ्यावर पेंगत बसलो. तेव्हापासून मी एक खोली आदल्या रात्रीपासून घेतो. चार खोल्यांची एक रात्र वाढवायची गरज नसते, एकच पुरते. पाळीपाळीने अंघोळी, चहा, आणि ज्याला पाठ टेकायची त्याला पलंग. परतीच्या दिवशीही तसंच : सकाळी बाकी खोल्या सोडा, एक संध्याकाळपर्यंत ठेवा. या दोन जादा भाड्यांवरून घरात कुरकुर होईल, ती होऊ द्या.

आता कुठल्या दिवशी काय. कोल्हापुरात हे अंतरावर नाही, वारावर ठरतं. शुक्रवार अंबाबाईचा, त्या दिवशी रांग लांब, मंगळवारीही तेच. गुरुवार दत्ताचा, तेव्हा नरसोबाच्या वाडीला गर्दी, पौर्णिमेलाही. रविवार जोतिबाचा, त्यात माघातले खेट्यांचे रविवार आणि चैत्री यात्रा तर सोडाच. मग गुरुवारी अंबाबाई, शुक्रवारी जोतिबा-पन्हाळा, शनिवारी वाडी. प्रत्येक देवाला त्याच्या वारी चुकवायचं, असा हा उलटा नियम. आईला तो रुचणार नाही. 'शुक्रवारचं दर्शन ते दर्शन' असं ती म्हणालीच तर शुक्रवारी पहाटे तुम्ही दोघी गुपचूप जाऊन या आणि सगळ्यांच्या नाश्त्याआधी परत या. किरणोत्सवाचे दिवसही कॅलेंडरवर पाहा : ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचण्याचा तो सोहळा बघण्यासारखा असतो, पण संध्याकाळच्या त्या गर्दीत बाबांना नेऊ नये.

गुरुवार असा जाऊ द्या. साडेआठ-नऊला खोलीवर, अकरापर्यंत अंघोळ-नाश्ता-आडवं होणं. गाडीला दोन तास उशीर झाला तरी यातलं काही कोसळत नाही. अकरानंतर दर्शन. गाडी देवळाच्या दारात जात नाही, थोडं चालावं लागतं. गाभाऱ्याची रांग तासावर दिसली तर आईबाबांना मुखदर्शनाच्या रांगेतून न्या, बाकीच्यांनी मोठ्या रांगेत उभं राहावं. दीडच्या आत जेवण. मग चारपर्यंत काही नाही. पाचला रंकाळा. न्यू पॅलेस आणि कणेरी मठ या दिवसातून काढून टाका. कणेरीचं ग्रामजीवनाचं संग्रहालय सुरेख आहे, पण तिथे चालणं फार होतं.

'मग दुपारी नुसतं बसायचं?' असं भाऊ विचारेल. मोकळ्या वेळाबद्दलचा त्याचा आणि माझा मतभेद नेमका इथेच आहे. त्याने मोकळा वेळ शनिवारी संध्याकाळी, सगळं उरकल्यावर ठेवलाय, गल्ल्यात उरलेल्या सुट्ट्या पैशांसारखा. तोवर तीन दिवसांच्या उशिरांनी तो कधीच खर्च झालेला असेल. मोकळा वेळ रोज हवा, आणि तो अशा जागी हवा जिथे पलंग, संडास आणि खायला काहीतरी या तिन्ही गोष्टी हाताशी असतील. गाडीत बसून काढलेले दोन तास मोकळे नसतात. देवळाच्या आवारात चपला सांभाळत काढलेलेही नसतात. दुपारी दोन ते चार खोलीवर असणं, ही तुमची पाचवी खुंटी समजा. फरक इतकाच की ती तुम्ही स्वतः ठोकायची आहे.

ज्यांना झोपायचं नाही त्यांनी त्या वेळात चपलांच्या दुकानांतून फिरावं. पण ज्येष्ठांपाशी कोण थांबणार याच्या पाळ्या निघण्याआधी लावा. न लावल्या तर तिन्ही दुपारी कोण थांबेल हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, आणि मलाही.

शुक्रवारचा हिशेब मी आकड्यांत मांडतो. कोल्हापूर ते जोतिबा पाऊण तास, जोतिबा ते पन्हाळा अर्धा, पन्हाळा ते कोल्हापूर पाऊण : मॅपवर दोन तास. पन्हाळ्यावर तीन जागा लिहिल्यात. म्हणजे हॉटेलातून चढणं, जोतिबाला उतरणं-चढणं, तीन जागांना प्रत्येकी दोनदा, जेवणाला दोनदा, परत उतरणं : बारा वेळा दार उघडलं. एका उतरण्या-चढण्याच्या जोडीला पंधरा मिनिटं धरली तरी दीड तास. दोन तासांचे साडेतीन झाले, आणि अजून कुणी देवाला नमस्कारही केलेला नाही. जोतिबाला दीड तास, जेवणाला एक, पन्हाळ्याच्या तीन जागांना मिळून दीड. एकूण साडेसात. आठला निघालात तर खोलीवर साडेतीनला, म्हणजे दुपारची झोप गेली. पन्हाळ्यावर एकच जागा ठेवली तर उरलेल्या दोन जागांची अर्ध्या तासाची चढउतार आणि बघण्याचा एक तास वाचतो. मग दोनपर्यंत खोली. माझं मत तीन दरवाजाला. मुलांना घेऊन बाकीचे तिथे जातील आणि त्याच वेळात आईबाबा तबक बागेत झाडाखाली बसतील. सज्जाकोठी पुढच्या वेळी.

जोतिबाला गाडी वर थांबते आणि देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना काही वाटत नाही, सगळे खुशीत असतात. परतताना चढ. टिटवाळ्याला पाहिलेला पूल इथे आठवा. बाबा पुलावर दोनदा थांबले असतील तर इथे त्यांनी उतरूच नये, आणि हे डोंबिवलीतच शांतपणे बोलून घ्यावं. डोंगरावर पोचल्यावर चार जणांसमोर 'तुम्ही थांबा' म्हटलं की कुठलाही बाप हट्टाने उतरतो.

टेम्पो ट्रॅव्हलरसाठी एक प्लॅस्टिकचा बुटका स्टूल घरून न्या. दाराशी ठेवला की निम्मी कसरत संपते. बाबांच्या सकाळच्या गोळ्याही पाहा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, आणि आठला गोळी घेऊन साडेआठला घाटात असलं की थांबायला जागा मिळत नाही. वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने करू नका.

शनिवारी साडेसातला निघा, वाडी सव्वा तासावर आहे. साडेदहापर्यंत दर्शन, मग तिथेच लवकर जेवण, बासुंदीसकट. साडेअकराला घड्याळ पाहायचं. सगळे गाडीत बसायच्या बेतात असतील आणि बाबा ताजेतवाने असतील तर खिद्रापूर. कोपेश्वराचा स्वर्गमंडप, वर गोल उघडं आकाश आणि खाली खांबांचं वर्तुळ, हे अकरापैकी मला सगळ्यांत प्रिय ठिकाण आहे, म्हणून त्याला मी ही एक संधी ठेवतो. पावणेएकला पोचाल, दीडला निघाल, साडेतीनला कोल्हापूर. साडेअकराचे पावणेबारा झाले असतील तर खिद्रापूर रद्द, चर्चा नाही. हे कलम कागदावर आधीच लिहून ठेवा, म्हणजे तेव्हा कुणी एकटा खलनायक ठरत नाही. बाहुबली मात्र वगळाच.

कुणीतरी सुचवेल, 'वाडीहून मिरज जवळ, तिथूनच गाडी पकडू, कोल्हापूरला परत कशाला?' मोह पडतो. पण महालक्ष्मी कोल्हापुरातूनच सुटते, त्यामुळे तिथे धक्काबुक्की न करता चढता येतं. मिरजेला रात्री पुन्हा थोड्या मिनिटांचा थांबा. शिवाय तोवरचे सात-आठ तास नऊ माणसं, त्यांच्या बॅगांसकट, कुठे बसणार? ठेवलेल्या खोलीवर साडेसहापर्यंत पडा, सातला हलकं खा, पावणेआठला स्टेशन. म्हणजे गाडीआधी तुमच्या हाताशी पाच तास आहेत, रस्त्यात पंक्चर झालं तरी चालेल इतके.

शेवटची गोष्ट भावाच्या तक्त्यात नाहीच : रविवारची पहाट. गाडी कल्याणच्या पुढे मुंबईला जाते, तुमच्यासाठी ती थोडाच वेळ थांबणार. गजर कर्जतचा लावा. कर्जत गेलं की बाबांना आणि मावशीला उठवून बाथरूमला नेऊन आणा. वांगणीपर्यंत पांघरुणं घडी करून झालेली असावीत, बदलापूर आलं की सगळ्यांच्या पायात चपला हव्यात, आणि आईचा चष्मा तिच्या नाकावर आहे ना, ते बघा.